धम्म-ओळख वर्ग : नव्याने येणाऱ्यांसाठी आठ रविवार

जय भीम, नमो बुद्धाय.

आषाढी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेआठला विहारात वर्ग सुरू होतोय. वर्षावासात रोज रात्री 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन असतंच. हा वर्ग त्याहून वेगळा आहे. जिथं अडतं तिथं थांबायचं आणि विचारायचं, एवढ्यासाठी तो आहे. फी नाही. वही-पेन आणा. पांढरे कपडे असले तर घाला, नसले तर नवे शिवू नका. साडेनऊला चहा होतो आणि कप धुवायची पाळी सगळ्यांवर येते, शिकवणाऱ्यावरही.

आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसं येतात. काहींच्या आजोबांनी १९५६ साली दीक्षा घेतलेली असते. त्यांना त्रिसरण झोपेतही म्हणता येतं, पण अर्थ विचारला की ती छताकडे बघतात. काही जण पहिल्यांदाच विहाराची पायरी चढतात. दीक्षा घ्यायची की नाही, हेही त्यांचं ठरलेलं नसतं. दोघं एकाच सतरंजीवर बसतील. 'दीक्षा कधी घेताय?' असं या वर्गात कुणी विचारणार नाही. तुम्हीही शेजारच्याला विचारू नका.

पहिला रविवार : विचारायची सवय

केसपुत्त गावच्या कालाम लोकांनी बुद्धांना विचारलं, की जो येतो तो आपलंच खरं म्हणतो, मग ऐकायचं कुणाचं? बुद्ध म्हणाले, परंपरेनं चालत आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. स्वतः पारखा. जे अकुशल आहे, ज्यानं अहित होतं ते सोडा, जे हिताचं आहे ते धरा. धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतात, म्हणजे ये आणि पाहा. त्या दिवशी प्रत्येकानं आपला सगळ्यात अवघड प्रश्न चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा, नाव न घालता. आठव्या रविवारपर्यंत डबा रिकामा करायचा प्रयत्न करू.

दुसरा रविवार : सरण आणि शील

बुद्धं सरणं गच्छामि। धम्मं सरणं गच्छामि। संघं सरणं गच्छामि।

हे तीनदा म्हणतात. बुद्ध येऊन आपल्याला सोडवतील, असा याचा अर्थ नाही. मी मुक्तिदाता नाही, मार्गदाता आहे, हीच त्यांची भूमिका होती. सरण म्हणजे रस्ता चुकला की जिथं परत यायचं ती जागा.

आता पंचशील. पहिलं शील असं :

पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि।

यातला एकेक शब्द हातात घेऊन बघा. पाणातिपात म्हणजे जीव घेणं. वेरमणी म्हणजे त्यापासून दूर राहणं. सिक्खापद म्हणजे शिकायचा धडा. समादियामि म्हणजे मी घेतो, मी पत्करतो. 'हिंसा करू नकोस' असा वरून आलेला हुकूम इथं कुठंच नाही. धडा मीच घेतोय, चुकलो तर पुन्हा मीच गिरवायचा. पुढची चारही शीलं याच साच्यात आहेत : न दिलेलं घेणं, कामवासनेतला गैरवर्तनाचा मार्ग, खोटं बोलणं आणि शुद्ध हरपवणारी नशा.

पाचव्या शीलावर दरवर्षी वाद होतो. पाळीतल्या पोरांनी शनिवारी बसायचं ठरवलं, तर जायचं की नाही? माझं मत विचाराल तर जा, चकणा खा, सोडा प्या आणि वेळेत घरी या. मैत्री तोडायला धम्म सांगत नाही. पण 'एकच घेतो' म्हणणाऱ्याला मी ओळखतो, कारण तो मीच होतो.

गृहपाठ : एक शील निवडा आणि आठवडाभर वहीत लिहा, की ते कुठं मोडलं. गेल्या वर्षी एकानं चौथ्या शीलाखाली लिहिलं होतं : 'गाडी पंक्चर झाली असं साहेबांना तीनदा सांगितलं. एकदा खरंच झाली होती, तेव्हा त्यांनी ऐकलं नाही.'

तिसरा रविवार : सिद्धार्थ घर का सोडतो

म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून तो निघाला, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. बाबासाहेबांना ती पटली नव्हती. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा पाहिलाच नसेल? त्यांच्या मांडणीत रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय भांडतात, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो आणि त्यापायी घर सोडतो. दोन्ही कथा वाचू आणि बोलू.

चौथा रविवार : दुःख आणि आठ पदरी मार्ग

चार आर्यसत्यं आणि अष्टांगिक मार्ग. सम्यक आजीविकेवर जास्त वेळ जाईल, कारण प्रत्येकाचा धंदा वेगळा. शेवटी दहा मिनिटं आनापान, म्हणजे श्वास येतो-जातो तो नुसता बघायचा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा.

पाचवा रविवार : बावीस प्रतिज्ञा

१४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी, नागपूर. भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी त्रिसरण-पंचशील घेतलं आणि मग जमलेल्या लाखोंना स्वतः दीक्षा आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. एका वर्षी मी पहिल्याच रविवारी सगळ्यांच्या हातात प्रतिज्ञांचा कागद दिला होता. दुसऱ्या रविवारी निम्मी सतरंजी रिकामी. म्हणून आता त्या पाचव्या रविवारी.

सुरुवातीच्या प्रतिज्ञा जुनं सोडायच्या आहेत. नवव्या-दहाव्यात समता येते, पुढं अष्टांगिक मार्ग, दहा पारमिता म्हणजे अंगी बाणवायचे गुण, करुणा आणि शीलं. नुसतं सोडण्यावर जोर दिला की घरात भांडणं होतात. नुसतं धरण्यावर दिला की दीक्षा फोटोपुरती उरते. दोन्ही बाजू वाचायच्या.

सहावा रविवार : घर

चिठ्ठ्यांच्या डब्यातले सगळ्यात जास्त प्रश्न इथले. सासूबाईंचा देवारा हलवायचा का? तो त्यांचा आहे, हात लावू नका. तुमच्या खोलीत बुद्धांची मूर्ती ठेवा आणि आधी त्यांना चहा नेऊन द्या. शेजारी सत्यनारायणाचा प्रसाद आणून देतात, काय करू? पूजेला बसायचं नाही हे नक्की. वाटीभर शिऱ्यासाठी माणूस दुखवायचा का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. यावर विहारात एकमत नाही आणि मला त्याची चिंता वाटत नाही.

नामकरण, लग्न आणि माणूस गेल्यावरचं पुण्यानुमोदन कसं होतं, ते बौद्धाचार्य दाखवतील. लग्नाला मुहूर्त लागत नाही. हॉल रिकामा असला की झालं.

सातवा रविवार : संघ

शाक्य राजकुमार दीक्षेला आले तेव्हा त्यांचा न्हावी उपाली सोबत होता. कुमारांनीच विनवलं, की याला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला याला वंदन करावं लागेल आणि आमचा शाक्यांचा ताठा उतरेल. पुढं हाच उपाली विनयाचा, म्हणजे संघाच्या नियमांचा, सगळ्यात मोठा जाणकार ठरला. आपल्यातही पोटजाती विचारून सोयरीक जुळवणारे आहेत. उपाली वाचताना ते आठवावेत.

कागदपत्रांचे प्रश्नही याच दिवशी घेऊ. १९९० च्या दुरुस्तीनं अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीची मान्यता देशभर मिळाली. तुमचे दाखले सोबत आणा, जाणकार बसलेले असतील.

आठवा रविवार : कार्ला

लोकलनं मळवली आणि तिथून पुढं लेणी. देहूरोड स्टेशन गेलं की डब्यातच सांगेन, की २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी इथं बुद्धमूर्ती बसवली. कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तूपापाशी पंचशील घेऊ. मग दाराजवळच्या भिंतीवरचे ब्राह्मी लेख शोधायचे. त्यात धेनुकाकटच्या एका सुताराचं नाव कोरलंय, सामी. दाराचं काम त्याचं.

डबा आणि पाण्याची बाटली घ्या, चप्पल घसरणारी नको, पावसानं पायऱ्या शेवाळलेल्या असतात. सातला स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी भेटू.