वाढ्याचे पैसे कुणाच्या फोनवर?

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की वाळवा तालुक्यात बीडकडच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि तोडीच्या मजुरीतून ती फिटत जाते, त्यामुळे हंगामभर राबूनही हातात रोज काही पडत नाही. पडतात ते वाढ्याचे पैसे. ऊस साळून झाल्यावर उरलेल्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या बांधून तोडकरी बाया संध्याकाळी रस्त्याकडेला बसतात आणि गावातले दुभत्या जनावरांचे मालक त्या विकत घेतात. मीठ-मिरची, पोराचं औषध, माहेरी जायचं एसटीचं भाडं, सगळं या पैशातून. ही रक्कम हिशेबाच्या वहीत कधीच नसते. ती बाईच्या कनवटीला असते.

गेल्या तीन-चार हंगामांत मी यात एक बदल पाहते आहे. मोटारसायकल थांबते, पेंढ्या मागे बांधल्या जातात आणि गिऱ्हाईक विचारतं, "स्कॅनर हाय का?" बाईकडे साधा फोन असतो, नाहीतर फोनच नसतो. मग नवऱ्याचा नंबर सांगितला जातो. तो फडात असेल तर मुकादमाचा. पैसे पोचतात, एका क्षणात आणि एक रुपयाही न कापता. पण ते तिच्यापर्यंत पोचत नाहीत.

मोबाइलवरच्या व्यवहारांनी गरीब घर बँकेच्या कक्षेत आलं, हे मी मनापासून मानते. आमच्या बचत गटाच्या कामात ते रोज दिसतं. जनधन योजना २०१४ साली सुरू झाली तेव्हा गटातल्या निम्म्या बायकांचं कुठेच खातं नव्हतं, आज प्रत्येकीचं आहे. खानापूर-आटपाडीकडचे सोनं-चांदी गाळणारे गलाई कारागीर देशभर विखुरलेत. त्यांच्या घरी पैसे यायचे ते गावाकडे निघालेल्या कुणाच्या तरी हातून, नाहीतर मनीऑर्डरने. आता सासूला दवाखान्यात नेलेली सून केसपेपर काढते तोवर तिकडून पैसे येऊन पडलेले असतात. २०१६ साली यूपीआय आलं नसतं तर हे झालं नसतं. बाजारात मेथीच्या जुड्या विकणारीला सुट्ट्या पैशांची कटकट उरली नाही, फाटकी नोट गळ्यात पडण्याची भीती गेली. गटाच्या कर्जासाठी दिवसाची विक्री किती, असं विचारलं की आता ती फोन पुढे करते. तिच्या धंद्याला पहिल्यांदा पुरावा मिळाला. ही छोटी गोष्ट नाही.

केनियात २००७ साली सुरू झालेल्या, मोबाइलवरून पैसे पाठवायच्या एम-पेसा सेवेचा दाखला या चर्चेत हमखास येतो. २०१६ च्या एका गाजलेल्या अभ्यासानुसार त्यामुळे तिथली सुमारे दोन टक्के कुटुंबं गरिबीतून वर आली, आणि बाई कर्ती असलेल्या घरांना जास्त फायदा झाला. पण तिथे बँकेचं खातं लागत नव्हतं. साधा फोन आणि गावातला रोख देणारा-घेणारा एजंट एवढ्यावर काम भागत होतं. आपल्याकडे आधी खातं, मग खात्याला जोडलेला नंबर, आणि रोजच्या सवयीचं यूपीआय म्हटलं की वर स्मार्टफोन. साध्या फोनवर *99# लावून पैसे पाठवता येतात, पण मी ज्या टोळ्यांमध्ये बसले तिथल्या एकीलाही ते ठाऊक नव्हतं. ते सांगायला कुणी आलंच नव्हतं.

ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी अंगठा आहे, असं उत्तर मिळतं. त्या अंगठ्याचं काय होतं ते मी गेल्या जानेवारीत जवळून पाहिलं. टोळीतल्या एका मावशींबरोबर मी गावातल्या सेवा केंद्रावर गेले होते. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये त्यांच्या बीडकडच्या खात्यावर जमा होतात. ती शाखा शेकडो किलोमीटरवर, म्हणून इथे आधारवर पैसे काढायचे. यंत्रावर अंगठा ठेवला, जुळला नाही. केंद्रातल्या पोराने फडक्याने पुसून घ्यायला सांगितलं, मग दुसरं बोट, मग खोबरेल तेलाचं बोट. उसाच्या पाल्याने आणि कोयत्याच्या मुठीने त्या हातांवरच्या रेषा घासून गेल्या होत्या. सातव्या वेळी ठसा जुळला, खात्यातून रक्कम वजा झाल्याचं दिसलं आणि व्यवहार मात्र फसला. "पाच दिवसांत परत जमा होतील, मावशी," पोरगा म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. रिझर्व्ह बँकेचा नियमच तसा आहे, आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाईही आहे. पण पाच दिवसांत टोळी पुढच्या गावच्या फडात गेलेली असते. जमा झाल्याचा मेसेज ज्या नंबरवर येणार, ते सिम रिचार्ज न केल्याने बंद पडलेलं. पावतीही मिळाली नव्हती. भरपाई मागायची कुणाकडे, कशाच्या आधारावर?

शेजारच्या सातारा जिल्ह्यात, म्हसवडला, माणदेशी महिला बँक उभी राहिली तेव्हाची गोष्ट मला इथे आठवते. संस्थापक सभासदांत अंगठा उठवणाऱ्या बायका आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवला आणि १९९७ साली बँक सुरू झाली. त्या वेळी अंगठा अडाणीपणाची खूण ठरला होता. आज तोच अंगठा ओळख म्हणून मागितला जातो आणि कष्टाने झिजलेला असला तर नाकारला जातो. त्या बायका अक्षरं शिकून नियमाला पुऱ्या पडल्या. झिजलेल्या रेषा शिकून परत येत नाहीत.

बाहेर राहण्याचे हे प्रकार नवे आहेत, म्हणूनच ते मोजले जात नाहीत. सरकारी आकड्यांत या मावशी बँकेत 'आलेल्या' आहेत. खातं आहे, आधार जोडलेलं आहे, पैसे जमा होतात. पण त्यांचं खातं धाकट्या दिराच्या फोन नंबरला जोडलेलं असेल, तर पिन त्याला माहीत, शिल्लकही त्यालाच माहीत. पूर्वी नवऱ्याला बायकोचा पैसा शोधायला डबे उचकावे लागायचे. आता त्याच्या खिशातच मेसेज वाजतो.

त्यामुळे माझं मागणं डिजिटल व्यवहार थांबवण्याचं नाही. रोखीचा रस्ता त्याच्या शेजारी उघडा राहिला पाहिजे, तोही उपकार म्हणून नव्हे. फसलेल्या प्रत्येक आधार-व्यवहाराची छापील पावती मिळालीच पाहिजे. हंगामात आठवड्यातून एकदा यंत्र घेऊन कुणीतरी टोळीच्या खोप्यांपर्यंत गेलं पाहिजे. पोस्टमन पेमेंट्स बँकेचं यंत्र घेऊन घरपोच जातो, तर फडावर जाणं अवघड का असावं? आणि खातं उघडताना 'हा नंबर कुणाचा?' एवढा एक प्रश्न बाईला एकटीला विचारला पाहिजे. आमच्या गटात आम्ही तो विचारायला लागलो, तेव्हा अकरा जणींपैकी चौघींचा नंबर स्वतःचा निघाला.

त्या मावशींनी आपल्यापुरता मार्ग काढला आहे. गिऱ्हाईकाने फोन काढला की त्या म्हणतात, "रोख द्या दादा, चार पेंढ्यांवर एक जादा घ्या." परवा एकाने खिसे चाचपले, नोट नव्हती. पलीकडच्या किराणा दुकानात त्याने शंभर रुपये स्कॅन केले, दुकानदाराकडून नोट घेतली आणि आणून मावशींच्या हातात दिली. पाचवी पेंढी त्याच्या गाडीवर आधीच चढली होती.