घोडा कोणी चोरला?

दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला आणि डावा पाय लुळा पडला. १९७८ साल, कळव्यातली चाळ. आईने एकही दार सोडलं नाही. डॉक्टर झाले, मग मला कडेवर घेऊन ती मलंगगड चढली, माउंट मेरीला मेणाचा पाय वाहिला, विठोबाला नवस बोलली. सगळीकडे प्रश्न एकच: माझ्याच पोरीला का?

चाळीत उत्तर तयार होतं. भोग. मागच्या जन्मीचं काहीतरी. मोठी झाल्यावर मनुस्मृतीचा अकरावा अध्याय वाचला, तेव्हा तिथे अख्खी यादीच सापडली. सोनं चोरणाऱ्याची नखं बिघडतात, दारू पिणाऱ्याचे दात काळे होतात, वस्त्र चोरणाऱ्याला कोड फुटतं आणि घोडा चोरणारा पांगळा जन्मतो. म्हणजे मी घोडा चोरला होता. यादीच्या शेवटी मुके, आंधळे, बहिरे यांना सज्जनांनी निंदिलेले म्हटलं आहे. मला यातलं सगळ्यात क्रूर हेच वाटतं. पाप कोणी पाहिलं नाही, साक्षीदार नाही, पण निकाल अंगावर लिहिलेला आहे आणि तो वाचायचा हक्क गल्लीतल्या कोणालाही आहे.

भारतातला जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. मग त्यानंतर घोडे चोरणारे जीव जन्माला यायचे थांबले का? थांबवलं ते लशीच्या दोन थेंबांनी. कर्मसिद्धांत मानणाऱ्या माझ्या जवळच्या माणसांना मी हे अनेकदा विचारलं. उत्तर आलं नाही, विषय बदलला गेला.

बौद्ध परंपराही एकसुरी नाही. एका सुत्तात प्राण्यांना इजा करणारा पुढच्या जन्मी रोगी होतो असं सांगितलं आहे. पण सीवक नावाचा परिव्राजक विचारतो, सगळी दुःखं पूर्वकर्मामुळेच का? बुद्ध नाही म्हणतात. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, मार लागणं अशी कारणं मोजतात. कर्म हे त्यातलं एक. आजाराला आजार म्हणण्याची मोकळीक तिथे आहे. आपल्याकडे ती किती जणांना माहीत आहे?

शिक्षेपेक्षा ‘परीक्षा’ हा शब्द मऊ लागतो. आईला तोच आवडायचा. देव आपल्या माणसांचीच परीक्षा बघतो, म्हणायची. तिला त्याने बळ दिलं, हे मी नाकारणार नाही. पण परीक्षा तिची होती आणि प्रश्नपत्रिका मी. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य जन्मांध माणसाकडे बघून विचारतात, पाप याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. इथपर्यंत ऊर भरून येतो. पुढचं वाक्य मात्र असं, की याच्या ठायी देवाची कार्यं प्रकट व्हावीत म्हणून. म्हणजे पापातून सुटका झाली तरी तो माणूस दुसऱ्याच कशासाठी तरी उरतो. ‘दिव्यांग’ या शब्दाशी माझं भांडण हेच आहे. मला दिव्य व्हायचं नाही, सव्वानऊची लोकल पकडायची आहे.

कुराणातला ‘अबस’ हा सूरा मला म्हणूनच फार जवळचा. पैगंबर मक्केतल्या कुरैश टोळीच्या बड्या लोकांशी बोलत असताना अंध इब्न उम्म मक्तूम मध्येच काही विचारतात. पैगंबरांच्या कपाळावर आठी येते. आणि बोल लागतो तो पैगंबरांना. अंधत्व का आलं, याची तिथे चर्चाच नाही. पुढे हेच गृहस्थ मदीनेत अजान देत. दृष्टी परत मिळाल्याचा चमत्कार नाही, फक्त माणूस आणि त्याचं काम. बायबलमधल्या, एकामागून एक संकटं सोसणाऱ्या ईयोबाच्या कथेतही शेवटी देव रागावतो तो ‘तुझंच काही चुकलं असेल’ म्हणणाऱ्या मित्रांवर.

आपल्या कीर्तनांतून कूर्मदास ऐकलेला असतो. पैठणचा, हातपाय नसलेला. लोळत पंढरीला निघतो, लहुळला थकतो, तेव्हा विठोबा तिथे येऊन भेटतो. कीर्तनकार बहुतेक वेळा कूर्मदासाच्या निष्ठेवर थांबतात. मला त्यात दिसतं ते वेगळं: कूर्मदासाचे हातपाय उगवत नाहीत, चालून येतो तो देव.

आता मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. सोसायटीच्या छोट्या मंदिराला चार पायऱ्या आहेत, कठडा नाही. मागच्या माघी गणपतीला मी उताराची फरशी मागितली. कमिटीतले एक काका प्रेमानेच म्हणाले, “ताई, तुम्ही खालूनच हात जोडा, देवाला पोचतं.” त्यांच्या मनात वाईट नव्हतं. मी त्यांना कूर्मदासाची गोष्ट सांगितली. ते गप्प राहिले, मग म्हणाले, “गवंड्याला विचारतो.” अजून विचारलेलं नाही. येत्या सभेसाठी मी लेखी अर्ज दिला आहे, पायऱ्यांची उंची मोजून.