भागाकार आम्ही करून ठेवलाय, तुम्ही फक्त टोळी घेऊन या!
फ्रेंडशिप डे, रविवार 2 ऑगस्ट 2026 | बाकडं कॅफे, फर्ग्युसन रस्त्याच्या मागची गल्ली, पहिला मजला

दहा जण खायला बसले की मजा येते. बिल आलं की त्यातला एक जण कॅल्क्युलेटर उघडतो, दोघं "मी फक्त कॉफी घेतली होती" म्हणतात आणि एकाचे पैसे पुढच्या सेमिस्टरला येतात. म्हणून यंदाचा दर सरळ डोक्यामागे ठेवलाय. तोही जीएसटी धरून, सर्व्हिस चार्ज नाही.

4 किंवा 5 जण: प्रत्येकी 260 रुपये
6 ते 9 जण: प्रत्येकी 250 रुपये
10 ते 12 जण: प्रत्येकी 240 रुपये

सहा जणांचे 1,500, दहा जणांचे 2,400. पैसा-पैसा, सुट्टे वगैरे काही नाही. 12 पेक्षा जास्त असाल तर आधी बोलून घ्या, दोन टेबलं करावी लागतील. तिघं असाल तर चौथा शोधा, कुणीतरी रुसलेला असतोच.

काय मिळेल?

प्रत्येकाला पिझ्झाचे दोन तुकडे, आपापलं एक पेय, फ्राइज (दर तिघांत एक प्लेट, उरलेल्या एक-दोघांसाठी आणखी एक) आणि दोघांत एक ब्राउनी, वर व्हॅनिलाचा गोळा. विषम संख्या असेल तर शेवटच्याला अख्खी ब्राउनी. ती कुणाला, हे तुम्ही ठरवा, आम्ही मध्ये पडणार नाही.

पिझ्झा 10 इंची. दरवर्षी भांडण शेवटच्या तुकड्यावरून होतं, म्हणून या वेळी कापायचं गणितच बदललं. चौघांना एक पिझ्झा, आठ तुकडे. सहा जणांना दोन, प्रत्येकी सहा तुकड्यांत. सात जणांना एक आठात आणि एक सहात. आठ जणांना दोन्ही आठात. नऊ जणांना तीन, तिन्ही सहात. दहा जणांना एक आठात आणि दोन सहात, अकरांना दोन आठात आणि एक सहात, बारांना तिन्ही आठात. हो, सहाच्या आणि नऊच्या टोळीला तुकडा जरा मोठा मिळतो. ज्यांना हे आत्ताच लक्षात आलं, त्यांचं अभिनंदन.

पाच जणांचं मात्र जमत नाही. तिथे एक पिझ्झा आणि एक ग्रिल्ड सँडविच, चार तुकड्यांचं. चौघं दोन-दोन पिझ्झा आणि एक सँडविच, किंवा सगळं मधे ठेवून जमेल तसं.

पिझ्झे तीन प्रकारचे: मार्गारिटा, पनीर-सिमला मिरची आणि चिकन टिक्का. एकच पिझ्झा अर्धा व्हेज, अर्धा चिकन करून मिळणार नाही. ओव्हनमध्ये चीज वितळून इकडचं तिकडे जातं आणि कापायचा रोलरही एकच असतो. व्हेज आणि चिकन वेगळ्या ताटात येतील, रोलरही वेगळा.

पेयं चार: कोल्ड कॉफी (300 मिली), लेमन आइस्ड टी (300 मिली), हॉट चॉकलेट (180 मिली) आणि आल्याचा चहा. चहाला रिफिल एकदा. बाहेर पाऊस असेल तर दोनदा, हे लेखी देतो.

त्या दिवशी संकष्टी आहे, माहितीये

रविवारी चतुर्थी आहे, त्यामुळे प्रत्येक टोळीत एखादा उपासवाला निघणारच. त्याने समोर बसून पाणी प्यायचं आणि पैसे मात्र सगळ्यांएवढे द्यायचे, असं नको. त्याच दरात त्याला पिझ्झा-फ्राइजऐवजी साबुदाणा वडे (तीन), दही आणि शेंगदाण्याची चटणी. वड्यांची कढई आणि तेल वेगळं, फ्राइजच्या तेलात तळत नाही. कॉफी चालते की नाही, हे ज्याने त्याने घरी विचारून या.

चंद्रोदय रात्री नऊच्या पुढे आहे. कडक उपास असेल, तर त्याचा पिझ्झा आणि ब्राउनी डब्यात बांधून देऊ. फ्राइज बांधून देत नाही. दहा मिनिटांत लिबलिबीत होतात आणि मग नाव आमचं खराब होतं.

जैन असाल तर कांदा-लसणाशिवायचा सॉस वेगळा ठेवलाय, फ्राइजऐवजी केळ्याचे वेफर्स. ब्राउनीत अंडं असतं. बिनअंड्याचीही आहे, पण ती आम्ही शुक्रवारच्या आकड्यावर भाजतो. आयत्या वेळी "आम्हाला चार एगलेस" म्हणाल तर आइस्क्रीमवर भागवावं लागेल.

वेळा

दीड-दीड तासाच्या सहा बॅचेस: सकाळी 11, दुपारी 12.45, 2.30 आणि 4.15, संध्याकाळी 6 आणि 7.45. मधली 15 मिनिटं टेबलं पुसायला आणि जोडायला लागतात.

7.45 ची बॅच सर्वांत आधी भरते, कारण रविवारी रात्री मेस बंद. होस्टेल आणि पीजीवाल्यांनी आजच सांगून ठेवा. 11 ची सहसा रिकामी राहते, कारण उघड आहे. त्या बॅचला म्हणून प्रत्येकी 20 रुपये कमी. आठ जण वेळेवर उठू शकत असतील, तर 160 रुपये वाचतात.

दीड तास तुमच्या बॅचच्या वेळेपासून मोजतो, शेवटचा माणूस आल्यापासून नाही. निम्मी टोळी पोचली की टेबल देतो. 15 मिनिटांत निम्मेही आले नाहीत, तर टेबल जिन्यात उभ्या असलेल्यांना जाईल. "पोचलोच, गुडलकपाशी आहे" हा मेसेज अंघोळीच्या आधी पाठवला जातो, हे आम्हालाही कळतं. त्यामुळे ग्रुपवर वेळ सांगताना अर्धा तास आधीची सांगा.

बुकिंग कसं करायचं

शुक्रवार 31 जुलै, रात्री 9 पर्यंत. काउंटरवर या किंवा आमच्या इन्स्टा पेजवर मेसेज टाका. एकाच माणसाने टाका. मागच्या वेळी एकाच टोळीतल्या तिघांनी तीन टेबलं धरली होती आणि दोन रिकामी राहिली. मेसेज असा हवा:

"6 ची बॅच, 8 जण. 1 मार्गारिटा, 1 चिकन. 5 कोल्ड कॉफी, 2 चहा, 1 हॉट चॉकलेट. 1 उपास. 2 एगलेस."

(यात उपासवाला धरूनच आठ. त्याच्या वाट्याचे तुकडे सात जणांत वाटायचे की डब्यात घालायचे, तेही लिहा.)

पेयं आधी विचारतो, त्याला कारण आहे. मिक्सरच्या एका भांड्यात चार ग्लास कोल्ड कॉफी होते. चौघांची एकदम सांगितलीत तर एका फेरीत चारही ग्लास फेसासकट टेबलावर. एकेक करून सांगितलीत तर चार फेऱ्या, दरवेळी भांडं धुणं, आणि चौथी येईपर्यंत पहिल्याचा बर्फ विरघळलेला.

आगाऊ रक्कम प्रत्येकी 50 रुपये, बिलातून वजा. शनिवारी संध्याकाळी 6 पर्यंत कळवलंत तर पूर्ण परत, त्यानंतर नाही. पिठाचे गोळे आदल्या रात्री फ्रिजमध्ये फुगायला जातात, ते परत पीठ होत नाहीत. माणूस ऐनवेळी कमी झाला तर दर बुकिंगचाच राहील, फक्त आलेल्यांचे पैसे घेऊ आणि गळालेल्याचे 50 जातील. ते त्याच्याकडून वसूल करणं तुमच्याकडे. माणूस वाढला तर आणा, पण खुर्ची असेल तरच.

निम्म्या टोळीकडे कॉलेजचं आयकार्ड हवं. अकरावी आणि फर्स्ट इयरवाल्यांचं कार्ड अजून आलं नसेल, तर प्रवेशाच्या पावतीचा मोबाइलवरचा फोटो चालेल.

बिल

टेबलाला एक बिल, एक पेमेंट. दहा जणांनी दहा वेळा क्यूआर स्कॅन केला की पैसे आले का, हे दहा वेळा तपासावं लागतं आणि तोवर पुढची बॅच दारात. एकाने भरा, बाकीच्यांनी तिथेच बसून त्याला पाठवा. 250 तर 250. आतल्या कोपऱ्यात रेंज येत नाही, पैसे पाठवायला खिडकीपाशी या. आणि यूपीआय अडकतं तेव्हा नेमकं गर्दीच्या वेळी अडकतं, म्हणून टोळीत एकाकडे तरी रोख असू द्या.

बँड, मार्कर आणि भिंत

प्रत्येकाला एक सॅटिनचा बँड आमच्याकडून. टोळीला मिळून एक इन्स्टंट फोटो, एकच. फिल्मच्या पाकिटात दहाच निघतात आणि डोळे मिटले म्हणून दुसरा काढता येत नाही. सगळे आल्यावरच मागा.

टी-शर्टवर नावं लिहायची असतील तर बिनधास्त लिहा, मार्कर आम्ही देतो. आतून पुठ्ठा घाला, नाहीतर शाई अंगावर उतरते. पुठ्ठे काउंटरखाली ठेवलेत. भिंतीवर लिहायचं असेल तर जिन्यातल्या पांढऱ्या कागदावर. सोफ्यावर नको: रेक्झिनवरचा परमनंट मार्कर निघत नाही आणि स्पिरिटने घासला तर रेक्झिनचाच रंग निघतो. एका सोफ्यावर "सोन्या + ग्रुप" अजून आहे.

सिझलिंग ब्राउनी हवी असेल तर टेबलामागे 120 रुपये जास्त. बिडाच्या तव्या सहाच आहेत आणि एक तापायला दहा मिनिटं लागतात, तेव्हा बसल्या बसल्या सांगा. सॉस ओतला की उडतो. व्हिडिओ काढणाऱ्याने हातभर लांब राहावं, नवा बँड तव्याला टेकवू नये.

गाड्या

खाली बारा टू-व्हीलरची जागा आहे, ती पहिल्या बॅचलाच भरते. गल्लीत सम-विषम पार्किंग आहे. 2 तारीख म्हणजे सम, पाटी बघून लावा. चुकीच्या बाजूची गाडी उचलली गेली, तर तुमच्या दीड तासातला एक तास ती सोडवण्यात जाईल. डेक्कन जिमखाना मेट्रो स्टेशनवरून चालत यायला दहा-बारा मिनिटं. रेनकोटसाठी जिन्यात खुंट्या लावल्यात, छत्र्या बादलीत. जाताना आपलीच उचला, सगळ्या काळ्या असतात.

रविवारी जमतच नसेल, तर शनिवार 1 आणि सोमवार 3 ऑगस्टला हेच दर, बॅचेस नाहीत, बुकिंग नाही. फक्त साबुदाणा वडे आणि फोटो रविवारीच.