स्ट्रक्चरल चेक नोट: ९.९ किलोवॅट रूफटॉप सोलर, तळमजला अधिक ५ मजले, कोथरूड, पुणे

सेक्रेटरी काका, रविवारी गच्ची बघितली, १९९६ चे आरसीसी ड्रॉइंगही तपासले. गच्चीला लोड पेलतो, पण आत्ताची फिक्सिंगची पद्धत चालणार नाही, ती बदलल्याशिवाय पॅनल चढवू नका.

आधी वजन. ५५० वॅटचे १८ पॅनल, प्रत्येकी २८ किलो, जीआय स्ट्रक्चर ७०० किलो, १८ पेडेस्टल ६५ किलोप्रमाणे, म्हणजे सगळं मिळून २३७० किलोच्या आसपास, ४६ चौ.मी. वर सरासरी ५१ किलो. स्लॅब १२५ मिमी, त्यावर १३० मिमी ब्रिकबॅट कोबा (एका कोपऱ्यात फोडून मोजला), शिवाय वापरातल्या गच्चीचा १५० किलो लाइव्ह लोड पूर्ण धरला, तरी बीम ८४ टक्क्यांवर बसतात. हॅमर टेस्टचे आकडेही ठीक आहेत. फक्त पाण्याच्या टाकीजवळ स्लॅबच्या खालच्या बाजूचं प्लास्टर फुगलंय, तिथला गंज साफ करून रिपेअर होईपर्यंत त्या बेमध्ये एकही पाय नको.

खरा प्रश्न वाऱ्याचा आहे. आयएस ८७५ भाग ३ प्रमाणे पुण्याला ३९ मी/से, उंची १८ मीटर, कॅटेगरी ३:

```
Vz = 39 × 1.0 × 0.99 × 1.0 × 1.0 = 38.6 m/s
pz = 0.6 × 38.6² = 894 N/m²
```

तिरक्या पॅनलला खालून वारा लागतो म्हणून नेट कोएफिशियंट १.५ घेतला, कमी करणारे फॅक्टर मुद्दाम लावले नाहीत. एका पायाला साधारण ३५० किलो वर ओढ येते. १.५ सेफ्टीने ५३०, त्यातून पायाचं आणि पेडेस्टलचं वजन ११८ वजा केलं तरी ४१० किलो उरतात, आणि ते फक्त पेडेस्टल ठेवून धरले जाणार नाहीत. इन्स्टॉलरने जी दोन पेडेस्टल कोब्यावर नुसती ओतलीत त्यातलं एक मी पायाने ढकललं तर ते हललं! कोबा म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंट, त्याला ओढ सोसत नाही.

म्हणून सगळे पाय बीमवर घ्या, जागा सोबतच्या स्केचवर मार्क केल्यात. कोबा फोडून बीमपर्यंत जा, १६ मिमी भोक ११० मिमी खोल, आतली धूळ ब्रश आणि ब्लोअरने काढून मगच इपॉक्सी, मग १२ मिमीचे चार डॉवेल प्रत्येक पायाला. धूळ राहिली तर बार हाताने निघतो, हे काम बघायला मी स्वतः येईन. बेसप्लेट २०० × २०० × ८ मिमी, चार एम-१२ बोल्ट, क्लॅम्प आणि नट एसएस ३०४. पॅरापेटपासून १ मीटर मोकळं सोडा, कडेला ओढ जास्त असते.

तीन डॉवेलवर ७५० किलोची पुल टेस्ट, फोडलेल्या जागी वॉटरप्रूफिंग, मग ४८ तास पाणी साठवून खालच्या फ्लॅटचं सीलिंग बघायचं. हे तिन्ही झाल्याचे फोटो आले की फायनल सर्टिफिकेटवर सही करतो.