आधी प्रश्न, मग पायथन

नमस्कार. एचओडी सर, मॅडम, आणि मागे दाराशी उभे आहात त्या सगळ्यांनी आत या बरं, पुढच्या दोन रांगा रिकाम्याच आहेत.

आज आपल्या डेटा सायन्स क्लबचं उद्घाटन आहे, पण भाषण सुरू करायच्या आधी एक काम करा. कागद घ्या, नाहीतर मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा. कुठलाही चार आकडी नंबर लिहा, फक्त चारही आकडे सारखे नकोत. मी 1905 घेते. आता त्यातल्या आकड्यांपासून सगळ्यात मोठा नंबर बनवायचा, सगळ्यात लहान बनवायचा आणि वजा करायचे. 9510 वजा 0159, आले 9351. परत तेच, 9531 वजा 1359, 8172. करत राहा. माझं पुढे 7443, 3996, 6264, 4176 असं जातं आणि सातव्या वेळेला 6174. त्याच्यापुढे कितीही वेळा केलं तरी 6174 च. तुमचंही तिथेच येणार, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत.

हे ज्यांनी शोधलं ते इथून जवळच, देवळालीला शाळेत गणित शिकवायचे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. मी 1905 घेतला कारण ते त्यांचं जन्मसाल आहे, आणि योगायोग बघा, नेमकं त्यांच्याच जन्मसालाला पूर्ण सात पायऱ्या लागतात. हे मला परवा रात्री कळलं, सहज करून बघितलं म्हणून, आणि इतका आनंद झाला की रूममेटला उठवून दाखवलं. आज जगभर 6174 ला कापरेकर स्थिरांक म्हणतात. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, कुठल्या मोठ्या विद्यापीठातली खुर्ची नव्हती. कागद, पेन आणि "असं केलं तर काय होईल" एवढंच होतं.

क्लबसाठी गेल्या आठवड्यात फॉर्म भरून घेतले तेव्हा सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न होता, "क्लबमध्ये कुठली टूल्स शिकवणार?" पायथन का आर, पॉवर बीआय येणार का, डीप लर्निंग कधी. प्रश्न चुकीचा नाहीये, प्लेसमेंटचं टेन्शन मलाही आहे, आणि टूल्स आपण शिकणारच आहोत. पण मला मनापासून वाटतं की ती दुसऱ्या नंबरवर यावीत. असं का वाटतं ते सांगते.

सेकंड इयरला मी कांद्याच्या भावावर प्रोजेक्ट केला. लासलगाव मार्केटचे रोजचे भाव ऑनलाइन मिळतात, किमान, कमाल, सरासरी, क्विंटलमागे. मी 2023 सालचा डेटा घेतला आणि पुढच्या आठवड्याचा भाव सांगणारं मॉडेल बनवायला बसले. मधेमधे काही तारखा रिकाम्या होत्या. मग काय, सगळे करतात तेच केलं:

```python
df["modal_price"] = df["modal_price"].ffill()
```

म्हणजे आदल्या दिवसाचा भाव पुढे ओढायचा. एक ओळ, रिकाम्या जागा गायब. मग एलएसटीएम नावाचं डीप लर्निंगचं मॉडेल लावलं, मग तीन दिवस पॅरामीटर बदलत बसले, आणि ऑगस्टच्या शेवटी न् डिसेंबरात मॉडेल पार आपटायचं. मला वाटलं लेअर कमी पडतायत, अजून एक टाकला.

दिवाळीत निफाडला मामाकडे गेले तेव्हा लॅपटॉपवर तो ग्राफ उघडा होता. मामा कांदा करतो. त्याने चष्मा लावला, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "काय गं, इथे भाव असा सरळ रेघेत कसा गेला? तेव्हा तर लिलाव बंद होते."

ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं होतं आणि त्याच्या विरोधात नाशिकच्या मार्केटमध्ये लिलाव थांबले होते. म्हणजे ज्या तारखा मी एका ओळीत भरून टाकल्या, त्या वर्षातली एक मोठी घडामोड नेमकी त्याच तारखांमध्ये होती! डेटा हरवला नव्हता, मार्केट बंद होतं म्हणून भावच नव्हता, आणि मी तिथे खोटा भाव लिहून ठेवला.

मग त्याने दुसरं विचारलं, "आणि हा कांदा कुठला? लाल का उन्हाळ?" माझ्या फाईलमध्ये नुसतं ओनियन लिहिलेलं. तो म्हणाला ऑगस्टमध्ये मार्केटला येतो तो चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा, डिसेंबरात येतो तो नवीन लाल. उन्हाळ चाळीत चार-पाच महिने टिकतो, भाव पडला तर शेतकरी थोडा थांबू शकतो. लाल टिकत नाही, काढला की विकावाच लागतो, मिळेल त्या भावाला. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली ती लाल कांद्याच्या तोंडावर. आता मला सांगा, एकाच कॉलममध्ये दोन वेगळ्या स्वभावाचे कांदे असतील तर मॉडेल बिचारं काय शिकणार? मामाने आयुष्यात एक ओळ कोड लिहिलेला नाही, पण त्या डेटाला विचारायचे दोन्ही खरे प्रश्न त्यानेच विचारले. मी लेअर मोजत बसले होते.

त्यानंतर मी लिलाव बंदचे दिवस वेगळे मार्क केले, लाल आणि उन्हाळ वेगळे केले, आणि साधं रिग्रेशन लावलं. ते आधीच्या एलएसटीएमपेक्षा बरं चाललं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे भाव का हलला हे मला स्वतःला सांगता यायला लागलं.

आपल्या देशात स्टॅटिस्टिक्स उभं राहिलं तेही असंच. प्रशांतचंद्र महालनोबिस मूळचे फिजिक्सचे, केंब्रिजला शिकलेले. परत येताना बायोमेट्रिका नावाच्या स्टॅटिस्टिक्सच्या जर्नलचे अंक सोबत घेतले आणि बोटीवर वाचत आले, कोणी सिलॅबस दिला नव्हता. पुढे ओरिसात 1926 ला मोठा पूर आला तेव्हा इंजिनिअर म्हणत होते नदीचा तळ वर आलाय, बांध उंच करा. ह्यांनी म्हटलं, खरंच आलाय का ते बघू, आणि कित्येक वर्षांच्या पावसाच्या न् पुराच्या नोंदी हाताने तपासल्या. तळ वर आल्याचं त्यात दिसलं नाही. सगळ्यांनी धरून चाललेली गोष्ट तपासून बघावीशी वाटली, तिथून सुरुवात झाली.

म्हणून क्लबचं आपण असं ठरवलंय. पहिल्या तीन मीटिंगला लॅपटॉप बंद. प्रत्येकाने एक प्रश्न आणायचा, तुमच्या घरातला, गावातला, रस्त्यावरचा. आपली सकाळची बस सोमवारीच का उशिरा येते, द्राक्षाच्या बागेत फवारणीचा खर्च कुणाचा कमी येतो आणि का, हॉस्टेलचं पाणी कुठल्या दिवशी जातं. मग तो डेटा कोण लिहितं, का लिहितं, कुठला दिवस लिहिला जात नाही, हे त्या माणसाला जाऊन विचारायचं. खरंच जाऊन, फोनवर नाही. चौथ्या मीटिंगपासून पायथन, आणि फर्स्ट इयरवाल्यांनो, कोड येत नाही म्हणून मागे राहू नका, ते आम्ही शेजारी बसून शिकवू. "हे मूर्खासारखं वाटेल पण" असं म्हणून जो प्रश्न सुरू होतो ना, तो मला सगळ्यात आधी ऐकायचाय.

पहिली मीटिंग येत्या शुक्रवारी साडेचारला, दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये. दारात एक वही ठेवलीये, जाताना तुमचा प्रश्न लिहून जा. पहिल्या पानावर माझा आहे: चार आकड्यांना 6174 मिळतो, तीन आकड्यांना 495 मिळतो, मग दोन आकड्यांचं काय होतं? मी अजून करून बघितलेलं नाही, मुद्दाम ठेवलंय, शुक्रवारी फळ्यावर आपण सगळे मिळून करू.