दारातून आत आल्यावर

आमच्या क्लिनिकचं दार ढकलावं लागत नाही. समोर उभं राहिलं की आवाज न करता सरकतं. एका हातात फाइल आणि खांद्यावर झोपलेलं लेकरू असलं की दार उघडायला हात मोकळा कुठे असतो?

आत पाऊल टाकताच फिनेलचा भपकारा येत नाही. फरशी दिवसातून चार वेळा पुसली जाते, पण उग्र वास नसलेल्या जंतुनाशकाने. सुगंधी फवारेही ठेवलेले नाहीत. दम्याच्या माणसाला ते सोसत नाहीत, आणि मळमळत असताना तर चांगला वासही नकोसा होतो.

उजेड उबदार आहे, 3000 केल्विनचा, घरातल्या दिव्यासारखा किंचित पिवळसर. पांढऱ्याफटक उजेडात धडधाकट माणूससुद्धा आजारी दिसतो, आणि आधीच धास्तावलेल्याला आरशात तसा चेहरा दिसावा हे आम्हाला नको होतं. तपासणीच्या खोल्यांत मात्र दिवे वेगळे आहेत. तिथे त्वचेचा रंग डॉक्टरांना जसाच्या तसा दिसायला हवा.

सगळ्यात जास्त विचार केला तो खुर्च्यांचा. खोल, मऊ सोफा दिसायला छान, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यातून उठवायला दोघं लागतात. म्हणून इथली बैठक जमिनीपासून 45 सेंटिमीटर उंच आणि जरा घट्ट आहे. दोन्ही बाजूंना लाकडी हात आहेत, टोकाला गोल घासलेले. तळवा टेकवून, अंग पुढे झुकवून, कुणाला हाक न मारता उठता येतं. मधे मधे रिकामी जागा सोडली आहे, व्हीलचेअर घरच्यांच्या शेजारीच लावता यावी म्हणून.

काउंटरला काच नाही. त्याचा एक भाग टेबलाएवढाच उंच आहे, तिथे बसून बोलता येतं. काय होतंय हे चारचौघांत मोठ्याने सांगायची वेळ कुणावर येत नाही. ते आत, डॉक्टरांसमोर.

भिंती ओल्या वाळूच्या रंगाच्या. छताला आवाज शोषून घेणारे पॅनल आहेत, त्यामुळे एक मूल रडलं तरी सगळा हॉल दणाणत नाही. टीव्ही नाही. मोठी खिडकी आहे, तिच्याशी दोन हिरवी झाडं. ताप-खोकला असलेल्यांसाठी पलीकडे वेगळी बैठक आहे, तिथली हवा थेट बाहेर जाते. त्यांना बाजूला टाकल्यासारखं वाटू नये, म्हणून खिडकी तिथेही तेवढीच मोठी ठेवली आहे.

डॉक्टरांना उशीर होणार असेल तर किती, ते आम्ही आधीच सांगतो. तुमची पाळी आली की स्पीकरवर नाव पुकारलं जात नाही. सिस्टर तुमच्या खुर्चीपर्यंत येतात, हळू आवाजात म्हणतात, “चला, आत जाऊया,” आणि तुम्ही उठेपर्यंत थांबतात.