विषय: ‘संशयास्पद पेमेंट’ या कारणावरून स्थगित केलेले जाहिरात खाते पूर्ववत करण्याबाबत

दि. ११ एप्रिल २०२५

प्रति,
खाते पुनर्विलोकन विभाग

महोदय,

कोल्हापूरच्या गुजरीत आमची दागिन्यांची पेढी आहे. साज, ठुशी, बोरमाळ आम्ही ऑर्डरप्रमाणे घडवतो आणि बाहेरगावची गिऱ्हाइकं बहुतांशी तुमच्याकडच्या जाहिरातींतून येतात. ४ एप्रिलला पेमेंटमध्ये फसवणुकीचा संशय दाखवून आमचं खातं बंद करण्यात आलं. असा कोणताही प्रकार झालेला नाही.

पाडव्यासाठी जाहिरातींचं बजेट वाढवल्यामुळे २ एप्रिलचं बिल १८,६४० रुपये झालं. एरवी ते दहा हजारांच्या आत असतं आणि माझ्या कार्डातून आपोआप वळतं होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १५,००० रुपयांवरची अशी रक्कम ग्राहकाने दरवेळी ओटीपी देऊन मंजूर केल्याशिवाय कार्डातून जात नाही. म्हणून बँकेने ती नाकारली. तुमच्या यंत्रणेने तीच रक्कम पुन्हापुन्हा मागितली आणि दरवेळी नकार आला. खात्यात पैसे होते. सोबतच्या उताऱ्यात शिल्लक दिसेल.

बिल थकू नये म्हणून ३ एप्रिलला मी दुसऱ्या कार्डाने, ओटीपी देऊन, पूर्ण रक्कम भरली. त्या कार्डावर माझ्या पत्नीचं नाव आहे. ती पेढीत भागीदार आहे आणि कार्ड पेढीच्याच चालू खात्याचं आहे. लागोपाठ नकार आणि लगेच वेगळ्या नावाचं कार्ड, एवढ्यावरून यंत्रणेला चोरीच्या कार्डाचा संशय आला असावा. पण चोरीच्या कार्डाचा मालक बँकेत तक्रार करतो, पैसे परत मागतो. इथे तशी एकही तक्रार नाही, आणि तसं बँकेने लेखी दिलं आहे.

बँकेचं पत्र, दोन्ही खात्यांचे उतारे, भागीदारी पत्र, जीएसटी प्रमाणपत्र आणि बीआयएस नोंदणी सोबत जोडली आहे. कार्डांच्या फोटोत शेवटचे चार अंकच उघडे ठेवले आहेत. आमच्या सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क आणि एचयूआयडी असतो. जाहिरातीतल्या कुठल्याही नगाचा क्रमांक बीआयएसच्या अ‍ॅपवर तपासता येईल.

नवं खातं उघडून जाहिराती सुरू करा, असं काहींनी सुचवलं. आम्ही ते केलं नाही. नियमाला बगल द्यायची नाही, आणि इतक्या वर्षांच्या व्यवहाराची नोंद असलेल्या खात्यावर फसवणुकीचा शिक्का राहू द्यायचा नाही. सोन्याच्या धंद्यात गिऱ्हाईक आधी माणसावर विश्वास टाकतं, मग दागिना हातात घेतं. त्यामुळे हा शिक्का आम्हाला फार लागला आहे.

ही कागदपत्रं एखाद्या अधिकाऱ्याने स्वतः पाहावीत, खातं पूर्ववत करावं आणि फसवणुकीची नोंद काढून टाकावी, ही विनंती. तरीही शंका उरली तर नेमका कोणता व्यवहार खटकतो ते तारखेसह कळवा. त्याचा पुरावा लगेच देऊ. ३० एप्रिलला अक्षय्य तृतीया आहे. साज घडवायला वेळ लागतो, त्या ऑर्डरी आत्ताच घ्याव्या लागतात आणि आमच्या कारागिरांचं या महिन्याचं काम त्यांवरच आहे. म्हणून निर्णय शक्य तितक्या लवकर कळवावा.

आपला,
सुहास पोतदार
भागीदार, गुजरी, कोल्हापूर